आधी शेवट, मग सुरुवात!

समजा, इंदूरला राहणाऱ्या वन्संच्या मोबाइलवर सांगलीहून वहिनीचा एसएमएस येतो : ‘दोन दिवस दवाखान्यात ठेवलं आहे. जमल्यास लगेच निघून या.’ कोणाला ठेवलं? काय झालं? हातपाय गार पडतात. वन्सं बॅग भरायला घेतात. दहा मिनिटांनी दुसरा एसएमएस वाजतो : ‘बाबांना काल ताप आला होता, आता उतरला आहे. घाबरण्याचं कारण नाही. फक्त’. एवढ्यावरच तो संपतो.

वहिनीने निरोप दोनदा पाठवला नव्हता. एकच सरळ निरोप लिहिला होता. तो वाटेत तुटला आणि त्याचा शेवट सुरुवातीच्या आधी पोहोचला. असे का व्हावे?

एसएमएस म्हणजे ठराविक मापाची डबी. तिच्यात १४० बाइट मावतात. साध्या इंग्रजी अक्षरांना कमी जागा लागते, म्हणून इंग्रजीत १६० खुणा बसतात. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला मात्र सहसा दोन बाइट लागतात. त्यामुळे मराठीत फक्त ७० बसतात. आणि खूण म्हणजे अक्षर नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण आणि शब्दांमधली मोकळी जागा, सारे वेगवेगळे मोजले जाते. ‘घाबरण्याचं’ हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो, पण यंत्र त्याच्या दहा खुणा मोजते.

वहिनीच्या पूर्ण निरोपात १२१ खुणा होत्या. म्हणजे डब्या दोन लागणार. पण दोन डब्या एकाच निरोपाच्या आहेत, हे पलीकडच्या फोनला कळणार कसे? त्यासाठी पाठवणारा फोन प्रत्येक डबीत आधी सहा बाइटची एक चिठ्ठी ठेवतो. तिच्यात तीन गोष्टी कामाच्या असतात : या निरोपाचा क्रमांक, एकूण तुकडे किती आणि हा तुकडा कितवा. चिठ्ठीने जागा अडवल्यामुळे मराठीच्या ७० खुणांच्या ६७ होतात आणि इंग्रजीच्या १६० च्या १५३. वहिनीच्या निरोपातली ६७वी खूण ‘फक्त’ या शब्दाच्या शेवटी आली, म्हणून तो तिथेच तुटला. उरलेल्या ५४ खुणा दुसऱ्या डबीत गेल्या.

येथून पुढे दोन्ही डब्या वेगवेगळ्या प्रवास करतात. मोबाइल कंपनीचे संदेश केंद्र प्रत्येक डबी स्वतंत्र एसएमएस म्हणून पोहोचवते. पहिली डबी आली तेव्हा वन्सं लिफ्टमध्ये होत्या, रेंज नव्हती. केंद्राने ती बाजूला ठेवली, थोड्या वेळाने पुन्हा पाठवायची म्हणून. तेवढ्यात लिफ्टचे दार उघडले, रेंज आली आणि दुसरी डबी थेट पोहोचली.

एरवी यात काही बिघडत नाही. चिठ्ठी वाचून फोनला कळते की, हा दोनपैकी दुसरा तुकडा आहे. तो पहिल्याची वाट पाहतो आणि दोन्ही आले की क्रमाने जोडून दाखवतो. अडचण येते ती दोन प्रसंगी. काही फोन फार वेळ थांबत नाहीत, हाती आले तेवढे दाखवून टाकतात. किंवा वाटेतल्या एखाद्या यंत्रणेत चिठ्ठीच गळून पडते आणि मग फोनला ते दोन निराळे निरोप वाटतात.

म्हणून निरोप वाक्याच्या मध्येच सुरू होत असेल किंवा ‘फक्त’सारख्या शब्दावर लटकत असेल, तर तो अर्धा आहे असे समजा. उत्तर लिहीत बसण्यापेक्षा सरळ फोन करा.

लिहिणाऱ्यानेही थोडे जपावे. महत्त्वाचा निरोप ७० खुणांच्या आत ठेवा. जास्त सांगायचे असेल तर दोन वेगळे, स्वतःत पूर्ण असे एसएमएस पाठवा आणि दोन्हींत नाव लिहा. वहिनीने ‘बाबा बरे आहेत. ताप उतरला. दोन दिवस दवाखान्यात आहेत.’ एवढेच पाठवले असते, तर ते एका डबीत मावले असते. इंग्रजीत लिहितानाही सावध असा. त्यात एखादे देवनागरी अक्षर किंवा ₹ ही खूण आली, तर सहसा सगळा निरोप ७० च्या मापात जातो. शिवाय प्रत्येक तुकडा वेगळा एसएमएस म्हणून मोजला जातो.

इंटरनेटवरून जाणाऱ्या निरोपांना हे माप लागू नाही. पण जिथे इंटरनेट पोहोचत नाही, तिथे आजही एसएमएसच कामी येतो. तेव्हा निरोप तुटलाच, तरी त्याचा प्रत्येक तुकडा एकट्याने वाचला तरी कोणाचा जीव घाबरा होऊ नये, असा लिहा.