कॉफी दळताना पाण्याचे चार थेंब

भाजलेल्या कॉफीच्या बिया ग्राइंडरमध्ये दळल्या जातात, तेव्हा त्यांच्यावर दोन प्रकारे विद्युतभार येतो. बिया एकमेकींवर आणि पात्यांवर घासतात, त्या घर्षणातून काही भार येतो आणि बी फुटताना नव्या तुटलेल्या पृष्ठभागांवरही तो साचतो. मग पूड ग्राइंडरच्या तोंडाला, भांड्याच्या कडांना चिकटते आणि टेबलावर उडते. विरुद्ध भाराचे बारीक कण एकमेकांना ओढून गुठळ्या करतात. एस्प्रेसो काढताना अशा पुडीतून पाणी सारखे झिरपत नाही. गुठळ्यांना वळसा घालून ते सैल वाटेने निघून जाते आणि कॉफी पातळ उतरते.

बी जितकी कोरडी आणि दळण जितके बारीक, तितका भार जास्त. गडद भाजलेल्या बियांत ओलावा कमी उरतो, म्हणून त्यांचा त्रास अधिक होतो.

यावरचा उपाय म्हणजे दळण्याआधी बियांवर पाण्याचा हलका फवारा. पाण्यामुळे भार साचू शकत नाही. अमेरिकेतील ओरेगन येथील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे प्रमाण ग्रॅममागे सुमारे ०.०२ मिलिलिटर होते. म्हणजे १८ ग्रॅम बियांना ०.३६ मिलिलिटर, साधारण सात थेंब. फवारून बिया हलवाव्यात आणि लगेच दळाव्यात. पाणी जास्त झाले तर ओली पूड पात्यांना चिकटते आणि पोलादी पाती गंजू शकतात. म्हणून एका वेळेपुरत्याच बिया ओलसर कराव्यात, साठवणीच्या नव्हेत.