जीपीएस ट्रॅकमधून फक्त गडाची वाट कशी वेगळी काढायची?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील पेरजागड, म्हणजेच सातबहिणी डोंगर. समजा, रविवारी १२ जानेवारी २०२५ ला सकाळी ६ वाजता घरून निघताना तुम्ही मोबाइलवर ट्रॅक रेकॉर्डिंग सुरू केलं आणि दुपारी दीडला घरी आल्यावर बंद केलं. आता मित्र तो ट्रॅक मागतोय. फाइल तशीच पाठवली तर तुमच्या घराचं दारही त्यासोबत जाईल. शिवाय, परतताना तुम्ही वाट चुकला होतात ते वळणही जाईल आणि वाघांचा वावर असलेल्या या जंगलात मित्र त्याच वळणावर भरकटेल.

फाइलमध्ये काय असतं?

`.gpx` फाइल ही साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश आणि वेळ नोंदवलेली असते. त्यामुळे हवा तो टप्पा वेळेवरून कापता येतो.

कुठे कापायचं?

गाडीवर वेग ताशी ३० किमी असतो, चालताना ४ च्या आसपास. वेग एकदम उतरतो तिथे पायथा. पायथ्याशी काढलेल्या फोटोची वेळही जुळवून पाहा. आपल्या उदाहरणात चढण ७.२० ला सुरू झाली आणि ८.५५ ला माथा आला.

इथेच बहुतेक जण चुकतात

फाइलमधली वेळ भारतीय नसते, ती यूटीसी असते. म्हणून साडेपाच तास वजा करायचे. ७.२० चे होतात १.५०, तर ८.५५ चे ३.२५. पहाटे साडेपाचच्या आधी निघाला असाल तर तारीखही आदल्या दिवसाची येते.

संगणकावर जीपीएसबॅबल हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि ही आज्ञा द्या:

```
gpsbabel -t -i gpx -f perzagad.gpx -x track,start=20250112015000,stop=20250112032500 -o gpx -F chadhan.gpx
```

मूळ फाइल तशीच राहते, कापलेली नवी तयार होते.

बरोबर कापलं का?

दर सेकंदाला एक बिंदू नोंदवला असेल तर ९५ मिनिटांचे सुमारे ५,७०० बिंदू उरायला हवेत. फाइल रिकामी आली किंवा नकाशावर भलताच टप्पा दिसला, तर साडेपाच तासांचा हिशेब चुकलाय. शेवटी फाइल नोटपॅडमध्ये उघडून `<wpt` शोधा. ‘घर’ म्हणून खूण केलेली असेल, तर ती ट्रॅकच्या बाहेर वेगळी साठवलेली असते.

मधला भाग काढता येतो का?

येतो, पण जपून. मधले बिंदू नुसते पुसले तर ॲप दोन्ही टोकं सरळ रेषेनं जोडतं आणि जिथून कुणी चाललंच नाही, अशी वाट जंगलातून दाखवतं. त्यापेक्षा चुकलेल्या वळणाच्या आधीचा आणि नंतरचा भाग दोन वेगळ्या फाइलमध्ये द्या.