काठीची परीक्षा उतारावर

कळसूबाईवरून बारी गावाकडे उतरत होतो. एका उंच दगडी पायरीवरून खाली पाय टाकण्याआधी काठीवर भार दिला आणि काठी निमूटपणे आत गेली. खालची नळी वरच्या नळीत सरकली, तोल गेला, गुडघा सोलवटला. काठी मोडलेली नव्हती, तिचं लॉक सुटलं होतं. तेव्हापासून ट्रेकिंग पोल घ्यायला कुणाबरोबर दुकानात गेलो की मी मुठीच्या आणि रंगाच्या आधी लॉक बघतो.

माझ्या त्या काठीचं लॉक पिळून घट्ट करायचं, म्हणजे ट्विस्ट लॉक होतं. त्यात नळीच्या आत प्लास्टिकचा एक तुकडा असतो. नळी पिळली की तो फुगतो आणि आतल्या बाजूला दाबून बसतो. सगळी मदार घर्षणावर. पावसाळ्यात पाणी आणि बारीक चिखल आत शिरला की पकड कमी होते, आणि बाहेरून काही दिसत नाही. दुसरा प्रकार खटक्याचा. तो नळीला बाहेरून आवळतो, त्यामुळे बंद आहे की उघडा ते नजरेला कळतं. खटका बंद करताना बोटाला जोर लागला पाहिजे. तो अलगद बसू लागला, तर शेजारचा स्क्रू थोडा आवळायचा. आपल्या सह्याद्रीसाठी मी खटकाच घ्यायला सांगेन. दोरीत ओवलेल्या तुकड्यांची घडीची काठी बॅगेत छान मावते, पण तिच्या काही प्रकारांत लांबी बदलताच येत नाही. त्या मी टाळतो.

कारण उतारावर लांबी बदलावी लागते. सपाटीवर काठीचं टोक पावलाशेजारी टेकवून मूठ धरली की कोपर काटकोनात यायला हवं. 165 सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी ही लांबी साधारण 110 ते 112 भरते. उतरताना काठी आपल्यापेक्षा खालच्या जमिनीवर टेकायची असते, म्हणून ती 5 ते 10 सेंटिमीटरने वाढवायची. आखूड ठेवली तर माणूस कमरेत वाकतो आणि भार पुढे जातो. वाढवताना सगळी लांबी एकट्या खालच्या बारीक नळीतून काढू नका, दोन्ही नळ्यांत वाटून घ्या. नळीवर ‘STOP’ची खूण असते, तिच्यापुढे गेलात तर आत फारच थोडी नळी उरते आणि तिथेच काठी वाकते. मेंढपाळाला हे काहीच करावं लागत नाही. त्याची काठी लांबच असते, तो फक्त हात वर-खाली सरकवतो.

अ‍ॅल्युमिनियम की कार्बन, यावर तासभर वाद घालता येतो. कार्बन हलकं असतं, पण दोन दगडांच्या फटीत टोक अडकून आडवा ताण आला तर तडकन तुटतं. अ‍ॅल्युमिनियम आधी वाकतं, आणि वाकलेल्या काठीवर निदान गावापर्यंत पोचता येतं. दगडधोंड्यांच्या वाटांना मला तेच बरं वाटतं.

आता प्रत्यक्ष उतरणं. आधी काठ्या, मग पाऊल. दोन्ही टोकं खालच्या पायरीवर टेकवायची, हलकेच दाबून दगड हलत नाही ना ते बघायचं, मग भार देत पाय खाली न्यायचा. कोपर किंचित वाकलेलं असू द्यावं. पायरी फारच उंच असेल तर तळवा मुठीच्या माथ्यावर ठेवून दाब द्यायचा. घसाऱ्यावर भीतीपोटी मागे रेलायचा मोह होतो, पण रेललं की पाय पुढे निसटतात. तिथे गुडघे वाकवून लहान पावलं टाकायची. 25 अंशांच्या उतारावर केलेला एक अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. त्यात काठ्यांमुळे गुडघ्यावरचा भार 12 ते 25 टक्क्यांनी कमी झालेला आढळला. हा फायदा काठी नुसती सोबत नेऊन मिळत नाही, तिच्यावर खरोखर भार द्यावा लागतो.

मनगटाचा पट्टा सपाटीवर आणि चढावर उपयोगी. दगडांच्या उतारावर मात्र मी हात त्यातून काढून घेतो. टोक फटीत अडकलं आणि आपण पुढे पडलो, तर पट्टा अंगठा आणि मनगट पिरगाळतो. कोरड्या कातळावर लोखंडी टोक करकरत घसरतं, तिथे रबरी टोपी चांगली धरते. चिखलात आणि गवतात ती काढून ठेवावी. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या आल्या की काठ्या मिटून बॅगेला बांधायच्या, दोन्ही हात शिडीला हवेत.

उतरायला लागण्याआधी माथ्यावरच प्रत्येक काठीवर दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकून बघा. सरकायची असेल तर तिथेच सरकेल. घरी आल्यावर नळ्या सुट्या करून पुसा आणि वाळू द्या. तेल मात्र अजिबात घालू नका. माझ्या काठीची नळी सरकल्यानंतर एका मित्राने तोच उपाय सुचवला होता.