०.९९९… म्हणजे नेमका एक

नववीतल्या मुलीला अखंड आवर्ती दशांश शिकताना एक शंका आली. "आई, ०.९९९… मधले नऊ कधी संपतच नाहीत. मग ही संख्या एकपेक्षा थोडी लहानच राहणार ना?"

"थोडी म्हणजे किती? एकच नऊ लिहिलास, तर एकला किती कमी पडतात?"

"०.१. दोन नऊ लिहिले तर ०.०१, तीन लिहिले तर ०.००१."

"आणि मला ही तूट ०.०००१ पेक्षा कमी हवी असेल तर?"

"पाच नऊ लिहायचे. पुढे आणखी लिहिले तर तूट आणखी कमी."

"म्हणजे मी कितीही लहान धन संख्या सांगितली, तरी पुरेसे नऊ लिहिल्यावर तूट तिच्याखाली जाते आणि खालीच राहते. म्हणूनच ०.९, ०.९९, ०.९९९ या क्रमिकेची सीमा १ आहे."

"पण यातली एकही संख्या १ होत नाही!"

"बरोबर. त्या प्रत्येकीत नऊ मोजकेच आहेत. तीन टिंबे देतो तेव्हा आपण त्यांपैकी कुठलीच संख्या लिहीत नसतो. त्या जिच्याकडे जातात, ती सीमा लिहीत असतो."

मुलीची गफलत अनेकांची होते. ०.९९९… हळूहळू एककडे सरकत नाही. ती एक ठरलेली संख्या आहे. ती एकपेक्षा लहान असती, तर उरलेली तूट ०.१, ०.०१, ०.००१ या सर्वांहून लहान, तरीही शून्याहून मोठी असायला हवी. अशी वास्तव संख्याच नाही. म्हणून तूट शून्य. याच कारणाने ०.४९९९… म्हणजेही ०.५ च.