प्रश्न बदलला की उत्तर पुसते

गहू निवडायला बसलेली गृहिणी आधी चाळणीने जाड दाणे वेगळे काढते. मग त्या जाड दाण्यांचे तांबूस आणि पांढरट असे दोन ढीग करते. तांबूस ढीग पुन्हा त्याच चाळणीवर टाकला, तर बारीक दाणा एकही खाली पडणार नाही, याविषयी तिच्या मनात शंका नसते. कारण रंग पाहिल्याने दाण्याची जाडी बदलत नाही. अणूंची निवड मात्र या रीतीने केली, तर जाड म्हणून राखून ठेवलेल्यांतून अर्धे बारीक निघतात. हे कसे घडते, ते आम्ही येथे पायरीपायरीने सांगणार आहोत.

या हकिकतीचा प्रारंभ जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे झाला. १९२२ च्या फेब्रुवारीत ऑटो स्टर्न यांनी योजलेला प्रयोग वाल्थर गेरलाख यांनी तडीस नेला. हवा काढून टाकलेल्या नळीत एका लहानशा भट्टीत चांदी तापवून तिची वाफ करायची, ती अरुंद फटींतून सोडून अणूंची बारीक शलाका तयार करायची, ही शलाका चुंबकाच्या दोन ध्रुवांमधून न्यायची आणि पलीकडच्या काचेवर चांदीचा थर कोठे साचतो ते पाहायचे, असा तो बेत होता. चुंबकाचा एक ध्रुव सुरीच्या धारेसारखा होता आणि समोरच्या ध्रुवाला खाच होती. ही रचना हेतुपुरस्सर होती. चांदीचा प्रत्येक अणू हा एक चिमुकला चुंबकच असतो. क्षेत्र सर्वत्र सारखे असेल, तर त्याच्या दोन्ही टोकांवरील ओढ समसमान होऊन तो जागचा ढळत नाही. धारेजवळ क्षेत्र तीव्र आणि खाचेजवळ क्षीण असले, तरच तो एका बाजूला सरकतो.

अणूंचे हे चुंबक वाटेल त्या दिशेला तोंड करून येत असतील, तर काचेवर मध्यभागी दाट आणि कडांना विरळ असा एकच पसरट पट्टा दिसायला हवा होता. थर इतका पातळ होता, की प्रथम काही दिसेचना. पुढे स्टर्न सांगत, की त्यांच्या स्वस्त सिगारच्या धुरातील गंधकामुळे चांदी काळी पडली आणि खुणा उमटल्या. अखेर हाती आलेल्या काचेवर रेघ दुभंगून दोन झाली होती, आणि मधली जागा मोकळी होती. दोन रेघांमधील अंतर मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढेच होते. ८ फेब्रुवारी १९२२ रोजी गेरलाख यांनी ते छायाचित्र पोस्टकार्डावर चिकटवून नील्स बोर यांना धाडले.

प्रयोगकर्त्यांनी त्या वेळी लावलेला अर्थ मात्र पुढे चुकीचा ठरला. १९२५ साली इलेक्ट्रॉनला स्वतःचे असे परिवलन, म्हणजे स्पिन, असते ही कल्पना पुढे आली आणि खरा उलगडा झाला. या परिवलनाचे माप अर्धा असते. असे अर्धे परिवलन कोणत्याही दिशेने मोजले, तरी उत्तरे दोनच निघतात. चुंबक उभा धरला, तर ‘वर’ किंवा ‘खाली’. आडवा धरला, तर ‘उजवे’ किंवा ‘डावे’.

आता एकामागून एक असे अनेक चुंबक मांडू. पुढील मांडणी पाठ्यपुस्तकांत आदर्श स्वरूपात दिलेली असते. तीत कोणताही अणू वाया जात नाही, असे धरतात. आकडेही सोयीसाठी सरासरीचे घेतले आहेत.

समजा, भट्टीतून ८००० अणू निघाले. पहिल्या उभ्या चुंबकाने ४००० वर नेले, ४००० खाली. खालची वाट बंद करून वरच्या ४००० अणूंना दुसऱ्या उभ्या चुंबकातून नेले, तर सर्वच्या सर्व पुन्हा वरच जातात. म्हणजे पहिले मोजमाप विश्वासार्ह होते, उत्तर टिकले.

दुसरा चुंबक एका अंशातून कलता केला, की हे एकमत ढळू लागते. साठ अंशांनी कलवला, तर ४००० पैकी ३००० त्याच्या ‘वर’च्या बाजूला जातात आणि १००० विरुद्ध बाजूला. नव्वद अंशांनी, म्हणजे पूर्ण आडवा केला, तर २००० उजवीकडे आणि २००० डावीकडे, अशी समान वाटणी होते. कोणता अणू कोठे जाईल, हे आधी सांगता येत नाही. प्रमाण तेवढे सांगता येते.

आता डावी वाट बंद करून उजवीकडचे २००० अणू तिसऱ्या चुंबकात सोडू, आणि हा चुंबक पहिल्यासारखाच उभा ठेवू. हे अणू ‘वर’ म्हणून निवडलेले आहेत. तेव्हा सगळे वर जावेत. प्रत्यक्षात १००० वर जातात आणि १००० खाली. ‘उजवे की डावे’ या प्रश्नाचे उत्तर मिळताच ‘वर’ हे आधीचे उत्तर पुसले गेले.

येथे चाणाक्ष वाचक म्हणेल, की मधल्या चुंबकाने अणूंना धक्का देऊन उलटेपालटे केले असेल. शंका रास्त आहे, पण ती पारखून पाहता येते. तोच आडवा चुंबक ठेवू, मात्र कोणतीही वाट बंद न करता आणखी चुंबकांच्या साहाय्याने उजवी आणि डावी शलाका पुन्हा काटेकोरपणे एकत्र आणू. कोणता अणू कोणत्या वाटेने गेला, याची खूण कोठेही राहू द्यायची नाही. मग शेवटच्या उभ्या चुंबकातून ४००० च्या ४००० अणू वर जातात. खाली एकही नाही.

या आकड्यांपाशी थोडे थांबू या. केवळ उजवी वाट उघडी असता १००० अणू खाली गेले होते. केवळ डावी उघडी ठेवली, तरी १००० खाली जातात. दोन्ही उघड्या ठेवल्यावर गृहिणीच्या हिशेबाने २००० खाली जायला हवेत, जातात शून्य. चुंबकाचा धक्का हेच कारण असते, तर तो दोन्ही वेळी सारखाच बसला होता. फरक केवळ एवढाच, की एका वेळी ‘कोणत्या वाटेने’ या प्रश्नाचा निकाल लागला, आणि दुसऱ्या वेळी लागला नाही. म्हणून ‘वर’ असलेला अणू मुळात उजवा किंवा डावा असतो आणि आपल्याला ते ठाऊक नसते, असे साधे म्हणणे टिकत नाही. त्याच्या अवस्थेत उजवे आणि डावे या दोन्ही शक्यता एका ठराविक मेळाने नांदत असतात. तो मेळ राखला, तर ‘वर’ परत मिळते. मोडला, की ते गेले.

हा मेळ राखणे फार नाजूक असते. दोन चुंबकांमध्ये क्षेत्राची दिशा सावकाश वळत गेली, तर अणू निमूटपणे तिच्यामागोमाग वळतात आणि वाटणी होतच नाही. ती झपाट्याने वळली, तरच काही अणू मागे राहून उलटतात. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फ्रिश आणि सेग्रे यांनी हॅम्बुर्ग येथे स्टर्न यांच्याच प्रयोगशाळेत हे पडताळून पाहिले. दुभंगलेल्या वाटा चुंबकांनीच पूर्णपणे पुन्हा जुळवणे तर त्याहून कितीतरी कठीण. इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठातील संशोधकांनी रुबिडियमचे अणू घेऊन ते साधल्याचे २०२१ साली प्रसिद्ध केले. म्हणजे त्या पोस्टकार्डानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. एकेका अणूवरच्या या प्रयोगांनी चाळणीचा हिशेब खोटा ठरतो. पण अणूच्या पोटात एखादे अधिक गुंतागुंतीचे गुपित दडलेले नसेलच, एवढे काही सिद्ध होत नाही. त्या शंकेची कसोटी जॉन बेल यांनी १९६४ साली जोडीजोडीने निघणाऱ्या कणांसाठी सुचवली. ती कथा स्वतंत्र लेखाची आहे.

असो. गृहिणीच्या दाण्याला रंग विचारला, म्हणून त्याची जाडी बदलत नाही. दोन्ही गोष्टी त्याच्यापाशी आधीपासूनच असतात. चांदीच्या अणूला मात्र एका वेळी एकाच दिशेचे उत्तर पक्के देता येते. दुसरा प्रश्न विचारून त्याचा निकाल लावला, की पहिल्याचे उत्तर आपल्या हातून गेले, असेच समजायचे.