एस्क्रो नाणी राखतो, रुपये नाही

जुलै 2023 मध्ये हैदराबाद पोलिसांनी 712 कोटी रुपयांची एक ऑनलाइन फसवणूक उघड केली. घरबसल्या छोटी कामे करून कमाई करा, असे आमिष दाखवून देशभरातल्या सुमारे 15,000 लोकांना लुबाडले होते. त्यांचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत गेले आणि त्यातला काही भाग शेवटी क्रिप्टोत बदलून बाहेर गेला, असे पोलिसांनी सांगितले. असा पैसा क्रिप्टोत बदलायचा तर समोर नाणी विकणारा कोणीतरी लागतो. पी-टू-पी बाजारात तो विकणारा एखादा साधा नोकरदारही असू शकतो, आणि आपल्या खात्यात कुणाचे रुपये आले याचा त्याला पत्ताही नसतो.

गैरसमज: एस्क्रो आहे, म्हणजे दोघेही सुरक्षित.

एस्क्रोत फक्त नाणी अडकतात. ऑर्डर पडताच विक्रेत्याचे यूएसडीटी प्लॅटफॉर्म बाजूला काढून कुलुपात ठेवतो. रुपये मात्र प्लॅटफॉर्मच्या हातातून जातच नाहीत. ते यूपीआय किंवा आयएमपीएसने थेट एका खात्यातून दुसऱ्यात जातात. खरेदीदार ठरलेल्या वेळेत, बहुधा पंधरा मिनिटांत, पैसे पाठवतो आणि ‘पैसे भरले’चे बटण दाबतो. विक्रेता आपले खाते पाहून नाणी सोडतो. वाद झाला तर प्लॅटफॉर्मचा माणूस दोघांचे पुरावे तपासून नाणी कोणाला द्यायची ते ठरवतो. नाणी सुटली की प्लॅटफॉर्मचे काम संपते.

गैरसमज: यूपीआयने आलेले पैसे परत जाऊ शकत नाहीत.

पाठवणाऱ्याला आपल्या मर्जीने ते खेचून घेता येत नाहीत, एवढे खरे. पण रुपये दुसऱ्या वाटेने अडकतात. समजा, हैदराबादच्या माधापूरमधला एक जण 500 यूएसडीटी 90 रुपयांच्या भावाने विकायला ठेवतो. एक भामटा ती ऑर्डर घेतो आणि त्याच वेळी नांदेडच्या एका बाईंना ‘गुंतवणुकी’साठी विक्रेत्याचाच यूपीआय आयडी देतो. बाई 45,000 रुपये भरतात. विक्रेत्याला रक्कम पोचलेली दिसते, तो नाणी सोडतो आणि भामटा ती घेऊन पसार होतो. फसवणूक लक्षात आल्यावर बाई 1930 वर तक्रार करतात. पैशाचा माग थेट माधापूरच्या खात्यापर्यंत जातो आणि बँक तिथे 45,000 वर होल्ड लावते. कधी अख्खे खातेच गोठते. नाणी मात्र साखळीवरून गेलेली असतात आणि ती परत आणणे फार कठीण असते. व्यवहाराच्या एका टोकाला पोलिसांचा हात पोचतो, दुसऱ्या टोकाला सहसा नाही. सगळी गोम इथे आहे.

या उदाहरणात एक खूण उघड होती. पैसे बाईंच्या नावाने आले आणि ऑर्डर दुसऱ्याच नावाची होती. नाव जुळले नाही तर नाणी सोडायची नाहीत. प्लॅटफॉर्मवर वाद नोंदवून पैसे आले त्याच खात्यात परत करायचे. ‘भावाच्या खात्यातून पाठवतो’ हे कारण ऐकूनही घेऊ नये. पण या उपायालाही मर्यादा आहे. भामट्याने लुटीचे पैसे आधी स्वतःच्या किंवा भाड्याने घेतलेल्या खात्यात घेऊन, त्याच नावाच्या ओळखीवर ऑर्डर टाकली, तर नाव तंतोतंत जुळते आणि होल्ड मागाहून येतो.

गैरसमज: स्क्रीनशॉट किंवा एसएमएस आला, म्हणजे पैसे आले.

दोन्ही बनावट तयार करता येतात. खात्यातली शिल्लक स्वतः उघडून पाहायची. चेकने भरलेली रक्कम शिल्लकीत दिसली तरी वटेपर्यंत ती आपली नसते.

गैरसमज: धोका फक्त विकणाऱ्याला.

खरेदीदाराने पैसे पाठवले पण तो बटण दाबायला विसरला, तर वेळ संपताच ऑर्डर रद्द होते आणि नाणी विक्रेत्याकडे परत जातात. ‘ऑर्डर रद्द कर, थोडा स्वस्त भाव देतो, बाहेरच करू’ असे सांगणारा विक्रेता नेमके एस्क्रोचे कुलूपच काढायला सांगत असतो. पैसे गेल्यावर रद्दचे बटण कधीच दाबू नये.

गैरसमज: क्रिप्टो बेकायदा आहे, म्हणून खाते गोठते.

रिझर्व्ह बँकेचे 2018 चे निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी रद्द केले, आणि 2022 पासून सरकार नफ्यावर 30 टक्के कर घेते. होल्ड लागतो तो रुपयांच्या मागावरून.

तो लागलाच, तर बँकेकडून तक्रार क्रमांक, होल्डची रक्कम आणि कोणत्या पोलिसांकडून पत्र आले ते लेखी मागावे. ऑर्डर क्रमांक, चॅट, खाते उतारा आणि नाणी सुटल्याची नोंद जोडून त्या तपास अधिकाऱ्याला उत्तर द्यावे; अधिकारी बहुधा दुसऱ्या राज्यातला असतो. वादाच्या रकमेपुरताच होल्ड असावा, अशी भूमिका केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये घेतली होती, तेव्हा बाकीची शिल्लक मोकळी करण्याची मागणी जरूर करावी. आणि ज्या खात्यात पगार येतो व घराचा हप्ता जातो, ते खाते पी-टू-पीला जोडूच नका.