डॉक्सचं सबटास्क: वर्षभराचा मागोवा

गेल्या वर्षाच्या सुरुवातीला आमच्या टीमने ठरवलं, की फीचरच्या प्रत्येक तिकिटाखाली डॉक्युमेंटेशनचं सबटास्क असेल आणि ते संपल्याशिवाय तिकीट बंद होणार नाही. त्याआधी हे काम रिलीजच्या आठवड्यात कुणाला आठवलं तर व्हायचं. तोवर कोड लिहिणारा पुढच्या कामात गुंतलेला असे आणि नेमकं काय बदललं ते विचारत लेखकाला त्याच्यामागे फिरावं लागे.

जिरामध्ये हे बसवणं सोपं होतं. स्टोरी तयार झाली की ऑटोमेशनचा नियम तिच्याखाली सबटास्क टाकतो. वर्कफ्लोमध्ये Done कडे नेणाऱ्या ट्रान्झिशनवर Sub-Task Blocking Condition लावली की सबटास्क उघडं असेपर्यंत मूळ तिकीट पुढे सरकत नाही.

तरीही पहिले काही महिने सबटास्क वेळेवर बंद होत राहिली आणि पानं जुनीच राहिली. नियम सरसकट होता, त्यामुळे वापरणाऱ्याला न दिसणाऱ्या अंतर्गत बदलांनाही सबटास्क चिकटत होतं. त्यावर मजकूर एवढाच: ‘डॉक्स अपडेट करा’. स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी अडकलेलं तिकीट सोडवायला लोक ते न वाचताच बंद करत.

सबटास्कचा मजकूर बदलला तेव्हा फरक पडला. कोणतं पान आणि त्यातलं काय बदलायचं, हे रिफाइनमेंटच्या बैठकीतच लिहायचं ठरलं. एक्स्पोर्ट एपीआयमध्ये `page_size` चं डीफॉल्ट मूल्य 100 वरून 50 वर आणायचं होतं. सबटास्कमध्ये तीन गोष्टी नोंदवल्या: पॅरामीटरचा तक्ता, नमुना कोड आणि रिलीज नोट. लेखिकेने नमुना कोड स्टेजिंगवर चालवला, तेव्हा तो पहिलं पान घेऊन थांबत असल्याचं दिसलं. 80 नोंदी असलेल्या ग्राहकाला आधी सगळा डेटा एका पानात मिळायचा. आता तोच कोड 50 नोंदी देऊन गप्प बसला असता, एररसुद्धा आली नसती. नमुन्यात पुढची पानं आणणारं लूप रिलीजआधीच आलं.

बंद करण्याची अटही बदलली. सबटास्कमध्ये पुल रिक्वेस्टची लिंक हवी, नाहीतर ‘बदल नको’ याचं एका ओळीत कारण. आणि ते टेस्टरने वाचलेलं हवं.

फीचर फ्लॅगमागच्या कामांना मात्र ही पद्धत पुरत नाही. कोड मर्ज होऊन तिकीट बंद होतं, पण फीचर नंतर कधीतरी सुरू होतं. पान आधीच प्रसिद्ध झालं, तर वाचणारा स्क्रीनवर नसलेलं बटण शोधत बसतो. म्हणून अशा वेळी सबटास्क पान तयार होण्यापुरतं ठेवतो आणि प्रसिद्धीचं काम फ्लॅग सुरू करण्याच्या तिकिटाखाली घालतो.

हा नियम आम्ही यंदाही ठेवला आहे. तुमच्याकडे तो नव्याने सुरू करणार असाल, तर ब्लॉकिंगची अट लावण्याआधी सबटास्कच्या शीर्षकात पानाचं नाव लिहायची सवय लावा.